मानेतून निघालेल्या पाच वाटा

मानेच्या मणक्यांमधून पाच मज्जातंतू हाताकडे निघतात. काखेच्या पुढे पाहिले तर हातात शिरणारे मोठे मज्जातंतूही पाचच असतात. पण मानेतून निघालेला एकही मज्जातंतू जसाच्या तसा हातात पोहोचत नाही. मान आणि काख यांच्यामधल्या जेमतेम वीतभर जागेत ते एकमेकांना मिळतात, फुटतात, पुन्हा मिळतात आणि नवी नावे घेऊन बाहेर पडतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. वैद्यकीय आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत त्याची आकृती काढायला लावली नाही असे क्वचितच होते. खांदा वर करणे, कोपर वाकवणे, बटण लावणे, पेन धरणे, हाताच्या या जवळजवळ सगळ्या हालचाली याच जाळ्यातून जातात.

ही गुंतागुंत उगाच नाही. हाताचा बहुतेक प्रत्येक स्नायू मणक्यांच्या एकाहून अधिक पातळ्यांवरून तंतू घेतो. कल्याणला कसाऱ्याकडच्या आणि कर्जतकडच्या गाड्या एका मार्गावर येतात, पण प्रत्येक गाडीचे मूळ ठिकाण आणि मुक्काम बदलत नाही. या जाळ्यातल्या तंतूंचेही तसेच आहे. ते शेजारी शेजारी येऊन एकाच दोरात बसतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत. त्यामुळे एखादे मूळ एकटे तुटले, तरी बहुतेक स्नायूंना दुसऱ्या मुळाकडून काहीतरी मिळत राहते. शांघायचे शल्यचिकित्सक गू युडाँग यांनी 1986मध्ये याच गोष्टीचा उपयोग केला. एका हाताचे जाळे पूर्ण उखडलेल्या रुग्णासाठी त्यांनी धडधाकट बाजूचे सातवे मूळ कापून पलीकडे वळवले. ज्या बाजूचे मूळ घेतले जाते तिथे काही काळ बोटांना बधिरपणा येतो आणि थोडी अशक्तता जाणवते, पण तो हात निकामी होत नाही.

विद्यार्थी अडखळतो तो नावांच्या गर्दीत. मुळे, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड आणि ब्रांच असे पाच टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर नवी नावे. या पाच टप्प्यांच्या आद्याक्षरांवरून इंग्रजीत बरीच वाक्ये रचलेली आहेत. त्यांतून टप्प्यांचा क्रम कळतो, पण कोण कोणाला मिळते ते कळत नाही. त्यापेक्षा आकडे उपयोगी पडतात. मुळे पाच, ट्रंक तीन, डिव्हिजन सहा, कॉर्ड तीन आणि शेवटच्या शाखा पाच. पाच-तीन-सहा-तीन-पाच ही ओळ सुरुवातीकडून वाचा की शेवटाकडून, तीच राहते. आकृती काढताना एखाद्या टप्प्यावर आकडा जुळला नाही, तर चूक तिथेच आहे हे लगेच दिसते.

आता कागद घ्यावा आणि निळे व लाल असे दोन पेन. डाव्या कडेला वरून खाली पाच मुळांची नावे लिहावीत: सी-5, सी-6, सी-7, सी-8 आणि टी-1. मानेत मणके सातच असतात, मग आठवे मूळ कुठले, असा प्रश्न इथे पडतो. पहिला मानेचा मज्जातंतू पहिल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतो आणि आठवा सातव्या मणक्याच्या खालून, म्हणून मणके सात आणि मज्जातंतू आठ. टी-1 हा छातीच्या पहिल्या मणक्याखालचा. काटेकोरपणे सांगायचे तर इथे मूळ म्हणजे प्रत्येक मज्जातंतूची पुढची फांदी. मागची फांदी पाठीच्या स्नायूंकडे जाते आणि जाळ्यात भाग घेत नाही. ही पाचही मुळे मानेच्या बाजूला दोन स्केलीन स्नायूंच्या फटीतून बाहेर येतात.

दुसरी पायरी ट्रंकची. वरची दोन मुळे एकत्र येऊन अप्पर ट्रंक होतो, खालची दोन मिळून लोअर ट्रंक, आणि मधले सी-7 एकटेच सरळ पुढे जाऊन मिडल ट्रंक बनते. कागदावर वर एक आडवा वाय, मध्ये सरळ रेघ आणि खाली दुसरा आडवा वाय दिसायला हवा. लोअर ट्रंक पहिल्या बरगडीवर टेकलेला असतो. काही माणसांच्या मानेत सातव्या मणक्याला जास्तीची बरगडी असते, तेव्हा ती बहुधा याच ट्रंकला दाबते. म्हणून अशा रुग्णाला मुंग्या येतात त्या करंगळीच्या बाजूला, अंगठ्याच्या बाजूला नव्हे.

तिसऱ्या पायरीत कॉलर बोनच्या मागे प्रत्येक ट्रंक दोन भागांत फुटतो, एक पुढचा आणि एक मागचा. पुढचे तिन्ही भाग निळ्या पेनाने काढावेत, मागचे तिन्ही लाल. हा रंगांचा भेद सजावटीसाठी नाही. गर्भात हाताची कळी वाढते तेव्हा तिच्यात पुढच्या बाजूचा आणि मागच्या बाजूचा असे स्नायूंचे दोन गट तयार होतात. पुढच्या गटातून मुख्यतः वाकवणारे स्नायू होतात, मागच्या गटातून सरळ करणारे. निळ्या रेघा पहिल्या गटाकडे जातात, लाल दुसऱ्याकडे. कोपर वाकवणारा बायसेप्स निळा, कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स लाल. मूठ मिटणारे स्नायू निळे, मनगट वर उचलणारे लाल. अपवादही एक लक्षात ठेवावा. ब्रेकियोरेडियालिस हा स्नायू कोपर वाकवायला मदत करतो, तरीही त्याचा मज्जातंतू लाल बाजूचा, म्हणजे रेडियल आहे.

चौथ्या पायरीत कॉर्ड तयार होतात आणि गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. रंग असले तर काम सोपे आहे. तिन्ही लाल रेघा एकत्र येतात, तो पोस्टिरिअर कॉर्ड. निळ्यांपैकी वरच्या दोन एकत्र येतात, तो लॅटरल कॉर्ड. सगळ्यात खालची निळी रेघ कोणालाही न मिळता तशीच पुढे जाते, तो मीडियल कॉर्ड. ही नावे काखेतल्या मोठ्या धमनीच्या संदर्भात पडली आहेत. छातीच्या पेक्टोरालिस मायनर या स्नायूच्या मागे धमनीचा जो दुसरा भाग येतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला लॅटरल, आतल्या बाजूला मीडियल आणि मागे पोस्टिरिअर. हा संदर्भ दुसऱ्याच भागाचा आहे, पहिल्याचा नाही, आणि परीक्षक नेमके तेवढेच विचारतात.

पाचवी पायरी शेवटच्या शाखांची. लॅटरल कॉर्डला दोन फाटे फुटतात, मीडियल कॉर्डलाही दोन. आतले दोन फाटे धमनीच्या पुढे येऊन एकमेकांना मिळतात आणि मीडियन हा मज्जातंतू होतो. बाहेरचे दोन एकटे राहतात, वरचा मस्क्युलोक्यूटेनियस आणि खालचा अल्नर. कागदावर इंग्रजी एम उमटतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर काख उघडल्यावर आधी हाच एम शोधतात, कारण तो सापडला की बाकीचे ओळखता येते. एमची बाहेरची तंगडी कोराकोब्रेकियालिस या स्नायूला भोसकून आत शिरत असेल, तर ती मस्क्युलोक्यूटेनियस. मागचा पोस्टिरिअर कॉर्ड ॲक्सिलरी आणि रेडियल या दोन शाखांत संपतो. म्हणजे निळ्या तीन आणि लाल दोन, मिळून पाच.

अशी डावीकडून उजवीकडे काढलेली आकृती समोरून पाहिलेल्या डाव्या हाताची असते. उजव्या हाताची मागितली, तर मुळे कागदाच्या उजव्या कडेला यायला हवीत. सराव एकाच दिशेने केलेल्याला हे ऐन वेळी जमत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी काढून पाहावी.

आता वाटेत फुटणाऱ्या छोट्या शाखा. त्यांची यादी पाठ करताना दमछाक होते, पण त्यांनाही आकड्यांचा आधार देता येतो. मुळांतून दोन, ट्रंकमधून दोन, डिव्हिजनमधून शून्य. पुढे लॅटरल कॉर्डमधून एक, मीडियलमधून तीन आणि पोस्टिरिअरमधून तीन. मुळांतून निघणाऱ्या दोन शाखा पाठीकडे आणि बरगड्यांकडे जातात. सी-5मधून निघणारी डॉर्सल स्कॅप्युलर खांद्याचा फरा मागे खेचणाऱ्या ऱ्हॉम्बॉइड स्नायूंना मिळते, आणि सी-5, 6, 7 यांतून तयार होणारी लाँग थोरॅसिक सेरेटस अँटिरिअरला. ट्रंकच्या दोन्ही शाखा अप्पर ट्रंकच्याच. त्यांतली महत्त्वाची सुप्रास्कॅप्युलर, जी हात बाहेर उचलायला सुरुवात करणाऱ्या आणि दंड बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंना चालवते. दुसरी सबक्लेव्हियस या लहान स्नायूची.

कॉर्डच्या छोट्या शाखा जागेच्या क्रमाने लक्षात राहतात. लॅटरल कॉर्डची एकच, ती छातीकडे जाते: लॅटरल पेक्टोरल. मीडियल कॉर्डच्या तीन वरून खाली उतरतात, छाती, दंड आणि कोपराखालचा हात. पहिली मीडियल पेक्टोरल स्नायूची, उरलेल्या दोन्ही त्वचेच्या. पोस्टिरिअर कॉर्डच्या तिन्ही सबस्कॅप्युलर घराण्यातल्या, वरची, मधली आणि खालची. मधलीला आता थोरॅकोडॉर्सल म्हणतात आणि ती पाठीच्या लॅटिसिमस डॉर्साय या रुंद स्नायूकडे जाते. एक सापळा मात्र ओळखून ठेवावा. छातीवर मीडियल पेक्टोरल मज्जातंतू बाहेरच्या बाजूला असतो आणि लॅटरल पेक्टोरल आतल्या बाजूला. दोघांची नावे त्यांच्या कॉर्डवरून पडली आहेत, छातीवरच्या जागेवरून नाही.

आकृती किती पक्की झाली, हे ती मोडून पाहिल्यावरच कळते. त्यासाठी रस्त्यावरच्या अपघातांत नेहमी दिसणारे एक उदाहरण घेता येईल. मोटारसायकल घसरून पंचविशीतला तरुण उजव्या खांद्यावर आपटला आहे. आपटताना खांदा खाली दाबला गेला आणि डोके विरुद्ध बाजूला फेकले गेले. मान आणि खांदा यांच्यातला कोन एकदम उघडला, की सर्वांत जास्त ताण वरच्या मुळांवर येतो. काही आठवड्यांनी तपासणीत उजवा हात शरीराला चिकटून लोंबताना दिसतो. दंड आत वळलेला, कोपर सरळ आणि तळवा मागे वळलेला. पाठीमागे हात करून कोणाकडून तरी गुपचूप पैसे घ्यावेत, तशी ही ठेवण पुस्तकांत वर्णिलेली आहे.

आता तपासणीतून जखमेची जागा शोधायची आहे. हात बाजूला उचलता येत नाही, म्हणजे डेल्टॉइड गेला. त्याचा मज्जातंतू ॲक्सिलरी, लाल. कोपर वाकत नाही, म्हणजे बायसेप्स गेला. त्याचा मज्जातंतू मस्क्युलोक्यूटेनियस, निळा. लाल आणि निळे दोन्ही बंद पडले असतील, तर जखम एका कॉर्डमध्ये असण्याची शक्यता कमी. लॅटरल कॉर्ड तुटला असता तर डेल्टॉइड चालला असता. पोस्टिरिअर कॉर्ड तुटला असता तर बायसेप्स चालला असता आणि मनगट मात्र पडले असते. म्हणजे जखम दोन्ही रंग वेगळे होण्याच्या आधी, ट्रंक किंवा मुळांच्या पातळीवर आहे.

पुढचा प्रश्न सुप्रास्कॅप्युलरचा. दंड बाहेर फिरवता येत नाही आणि फऱ्याच्या मागचा स्नायू बारीक झाला आहे. अप्पर ट्रंकवरून निघणारी ही शाखाही बंद आहे, म्हणजे जखम तिच्या उगमापाशी किंवा त्याच्या आधी. मग डॉक्टर खुद्द मुळांची परीक्षा घेतात. हात आधार देऊन समोर धरतात आणि रुग्णाला पुढे ढकलायला सांगतात. आधार द्यावा लागतो, कारण डेल्टॉइड गेल्यामुळे तो हात वर धरू शकत नाही. फरा पाठीवरून उचलला जात नाही, म्हणजे लाँग थोरॅसिक शाबूत आहे. दोन्ही फरे एकमेकांजवळ आणताही येतात, म्हणजे डॉर्सल स्कॅप्युलर शाबूत. हात मिटतो, बोटे पसरतात, म्हणजे सी-8 आणि टी-1 ठीक. दंडाच्या बाहेरच्या बाजूचा आणि अंगठ्याचा स्पर्श कमी आहे, तो सी-5 आणि सी-6चा भाग. सगळे जोडले की जागा सापडते. मुळांच्या शाखा चालू, ट्रंकची शाखा बंद, म्हणून जखम अप्पर ट्रंकमध्ये. हीच अर्ब-ड्यूशेन पाल्सी. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला आणि मान ताणली गेली, तर नवजात बाळांतही ती होते. ड्यूशेन यांनी 1872मध्ये तिचे वर्णन केले आणि अर्ब यांनी 1874मध्ये जखमेची जागा दाखवली.

फरा उचलला गेला असता आणि ऱ्हॉम्बॉइडही बंद असते, तर चित्र वेगळे झाले असते. मूळ मेरुरज्जूतूनच उखडले असावे असा संशय आला असता. सी-5चा एक धागा श्वासपटलाकडेही जातो, म्हणून छातीच्या एक्स-रेमध्ये त्या बाजूचे श्वासपटल वर सरकले आहे का हे पाहतात. हा फरक उपचाराचा आहे. मध्ये तुटलेला ट्रंक पायातून काढलेल्या मज्जातंतूचा तुकडा घालून जोडता येतो. मेरुरज्जूतून उपटलेले मूळ परत शिवता येत नाही, म्हणून दुसरीकडून तंतू उसने आणावे लागतात. फ्रान्सचे शल्यचिकित्सक ओबर्लिन यांच्या नावाने 1994पासून ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत अल्नर मज्जातंतूतली एक पुंजी सोडवून बायसेप्सच्या शाखेला जोडतात. अल्नर खालच्या मुळांतून येतो, त्यामुळे वरची मुळे गेली तरी तो चालू असतो. आकृतीत हे दोन मज्जातंतू एमच्या दोन टोकांना दिसतात, पण दंडात ते शस्त्रक्रियेसाठी पुरेसे जवळ असतात. मज्जातंतूची वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर होते आणि वर्ष-दीड वर्ष आदेश न मिळालेला स्नायू पुन्हा सावरत नाही. म्हणून अशी शस्त्रक्रिया अपघातानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो.

आकृतीला मर्यादाही आहेत. ती शक्य वाटा दाखवते, पण प्रत्येक तंतू प्रत्येक वाट घेत नाही. रेघा मागे नेल्या तर ॲक्सिलरी पाचही मुळांतून आला असे वाटते, प्रत्यक्षात त्यात सी-5 आणि सी-6 असतात. पोस्टिरिअर कॉर्डचे बाकीचे तंतू मुख्यतः रेडियलकडे जातात. अल्नरची मुळे आकृतीवरून सी-8 आणि टी-1 येतात, पण त्यात सी-7चे तंतूही अनेकदा लॅटरल कॉर्डकडून येऊन मिळतात. शिवाय जाळे सर्वांचे सारखे नसते. काहींमध्ये सी-4चा वाटा मोठा आणि टी-1चा लहान असतो, काहींमध्ये टी-2चा वाटा मोठा आणि सी-5चा लहान. म्हणून आकृती पूर्ण झाल्यावर पाच शेवटच्या शाखांची मुळे शेजारी वेगळी लिहून पाहावीत: मस्क्युलोक्यूटेनियस 5, 6, 7. ॲक्सिलरी 5, 6. रेडियल आणि मीडियन 5 ते टी-1. अल्नर सी-8, टी-1.

परीक्षेसाठी सराव याच क्रमाने करावा. आधी कोऱ्या कागदावर पाच-तीन-सहा-तीन-पाचचा सांगाडा, मग दोन रंग, मग छोट्या शाखा. नंतर वही मिटून एखादी जागा निवडावी आणि ती तुटली तर काय बंद पडेल, काय चालू राहील ते बोलून दाखवावे. अप्पर ट्रंक वर करून झाला आहे, आता लोअर ट्रंक. झाडावरून पडताना फांदी धरली आणि शरीराचे वजन हाताला लटकले, तर ताण सी-8 आणि टी-1वर येतो. खांदा आणि कोपर ठीक, पण तळहातातले लहान स्नायू निकामी होतात, बोटे नखीसारखी वाकतात आणि करंगळीकडची बाजू बधिर होते. ही क्लुंपके पाल्सी. 1885मध्ये पॅरिसमध्ये शिकत असलेल्या ऑगस्ता क्लुंपके यांनी दाखवले की अशा काही रुग्णांत त्याच बाजूची बाहुली लहान होते, पापणीही थोडी उतरते. डोळ्याकडे जाणारे हे तंतू मेरुरज्जूतून टी-1च्या वाटेने बाहेर पडतात आणि थोडेच अंतर जाऊन ती वाट सोडतात. त्यामुळे दुखापत झालेल्या हाताबरोबर बाहुली लहान दिसली, तर मूळ मेरुरज्जूच्या अगदी जवळ उखडले आहे असा अर्थ निघतो. हात तपासण्याआधीच डॉक्टर रुग्णाच्या दोन्ही बाहुल्या पाहतात, ते यासाठी.